मांजर दुसऱ्या घरी देताना: आधी खिडक्या बघा, मग माणसं

प्रश्न : आमची चिंगी सहा वर्षांची आहे, नसबंदी झालेली, कधीच घराबाहेर न गेलेली. बाबा गेल्यापासून आई बोरिवलीला एकटी आहे. तिला सीओपीडी आहे, घरी ऑक्सिजन लावावा लागतो. महिन्याभरात आम्ही तिच्याकडे कायमचं राहायला जातोय आणि घरात मांजर नको, असं तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. चिंगीचे फोटो पाठवल्यापासून बरेच मेसेज आले, एक जण तर उद्याच न्यायला येतो म्हणतोय. घर चांगलं आहे हे ओळखायचं कसं? तिला कमीत कमी त्रास होईल असं सोडायचं कसं? आणि नंतर मी तिला भेटायला जावं का?

उत्तर : ताई, उद्या येणाऱ्याला उद्या मांजर देऊ नका. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण त्याचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. त्याला एवढंच सांगा : "चिंगीला भेटायला जरूर या, पण तिला पाठवायच्या आधी मी तुमच्या घरी एकदा येऊन जाईन." ज्याला खरंच मांजर हवी असते तो आठवडाभर थांबतो. "घर कशाला बघायचं, विश्वास नाही का," असं म्हणून जो चिडतो त्याचा विषय तिथेच संपला. "दुकानात उंदीर फार झालेत" किंवा "गोडाऊनला हवीय" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. सहा वर्षं पलंगावर झोपलेली मांजर गोडाऊनमध्ये टिकत नाही.

तुमच्या हातात महिना आहे असं तुम्ही धरताय, पण चिंगीला घर द्यायला प्रत्यक्षात पंधरा दिवसच आहेत. नव्या घरी जमलं नाही, तर तिला परत आणायला तुमचं सध्याचं घर शिल्लक असायला हवं. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना मांजर दिली आणि चौथ्या दिवशी फोन आला की "आमच्या मुलीला शिंका येताहेत, घेऊन जा," तर तुम्ही तिला नेणार कुठे? म्हणून तारखा उलट मोजा. तुम्ही ज्या दिवशी बोरिवलीला जाणार, त्याच्या दोन आठवडे आधी चिंगी नव्या घरात असायला हवी. ते दोन आठवडे चाचणीचे आहेत, हे त्या घरालाही आधीच सांगायचं. शिवाय तुम्ही गेल्यानंतर काही झालं तर तिला महिनाभर सांभाळेल असा एक माणूस आजच ठरवून ठेवा. मैत्रीण असेल, चुलत बहीण असेल, फॉस्टर करणारं कोणी असेल. दत्तकपत्रात "काही अडचण आली तर मांजर आम्हालाच परत करावी" असं सगळे लिहितात, पण परत घ्यायला जागाच नसेल तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आणि महिना संपत आला, घर मिळालं नाही, म्हणून कोणी "मासळी बाजारात सोड, तिथे खायला मिळतं" असा सल्ला देईल. मुंबईत हे मी सर्रास ऐकते. बाजारातल्या मांजरांच्या जागा ठरलेल्या असतात, त्या नव्या मांजरीला मारून हाकलतात आणि घरातली मांजर घाबरून खाण्यापर्यंत पोचतच नाही. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा जागी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

या आठवड्यात तिला एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा. लसीची वही बघा. ट्रायकॅट आणि रेबीज या दोन्हींची तारीख उलटली असेल तर ते करून घ्या, म्हणजे नव्या घरी गेल्यागेल्या पुन्हा पिशवीत घालायची वेळ येणार नाही. लांबच्या खासगी दवाखान्याचं जमत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. दात, कान आणि वजन बघून घ्या, आणि वजन वहीत लिहून घ्या. ते का, ते पुढे सांगते. मायक्रोचिप बसवली नसेल तर आत्ताच बसवावी असं माझं मत आहे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, इंजेक्शनसारखी टोचतात, आणि चिपच्या नोंदीत दोन्ही घरांचे फोन नंबर घालता येतात का ते तिथेच विचारा.

मग तिची माहिती लिहा, आणि खरी लिहा. "गोड, शांत, सर्वांशी प्रेमाने वागणारी" असं सगळ्यांच्याच मांजरींबद्दल लिहिलेलं असतं, त्यातून कळत काहीच नाही. चिंगी कडेवर घेतलेलं सहन करते का? पाहुणे आले की किती वेळ दडून बसते? पहाटे पाचला उठवते का? सोफा ओरबाडते का? नखं कापताना चावते का? हे वाचून दहातले सात जण मागे फिरले तरी चालेल. नंतर कंटाळून मांजर परत करणारे बहुधा त्या सातांतलेच असतात.

आता फोनवरचं बोलणं. आधी समोरच्याला बोलू द्या. मांजर का हवी, घरात कोण कोण आहे, दिवसभर कोण असतं, हे तो आपणहून सांगतो. "मला मांजरं फार आवडतात" या वाक्याला मी फार किंमत देत नाही, कारण तक्रार घेऊन परत येणाऱ्यांनाही मांजरं आवडतच असतात. मी तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवते.

पहिली गोष्ट घराच्या कराराची. मुंबईत भाड्याची घरं बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतात. म्हणून विचारायचं, "करार कधी संपतोय? घरमालकाला मांजरीचं माहीत आहे का? त्यांचा तसा मेसेज आहे का?" भाडेकरूला मांजर द्यायचीच नाही असं अजिबात नाही, मी आनंदाने देते. पण घरमालकाचा व्हॉट्सअॅपवर तरी होकार हवा आणि पुढचं घर शोधताना मांजरीसकट शोधायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं हवं. चार जण फ्लॅट शेअर करत असतील तर मांजर नक्की कोणाची, हे एका नावावर ठरवून घ्या. फ्लॅट मोडला की "आमची सगळ्यांची" मांजर कोणाचीच राहत नाही.

दुसरी गोष्ट आधीच्या जनावराची. "याआधी कोणी होतं का? त्याचं काय झालं?" म्हातारपणाने गेलं, किडनीच्या आजाराने गेलं, उपचार कुठे केले, हे सांगताना माणसाचा आवाजच सांगतो. "ते पळून गेलं," "ते खिडकीतून पडलं," असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न हाच : "त्यानंतर घरात काय बदललंत?" जाळी लावली असेल तर तो माणूस शिकलेला आहे. काहीच बदललं नसेल तर चिंगीचंही तेच होईल.

तिसरी गोष्ट दाराची. आपल्याकडे सकाळी कचरेवाला, दूधवाला, कामवाली ताई, पेपरवाला, कुरिअर यांच्यासाठी दार सारखं उघडतं. शिवाय वारा यावा म्हणून आतलं दार उघडं आणि फक्त लोखंडी सेफ्टी डोअर लावलेलं, अशी शेकडो घरं आहेत. सेफ्टी डोअरच्या गजांतून चार किलोची मांजर सहज निघते. "सकाळी दार कोण उघडतं?" एवढं विचारा. ज्या घरात सासूबाई, दोन मुलं आणि कामवाली असे चार जण दार उघडतात, तिथे त्या चौघांनाही सांगावं लागतं. एकट्या हौशी सुनेने हो म्हणून भागत नाही. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांशी, निदान स्पीकरवर तरी, एकदा बोला. मागून कोणी तरी "मला विचारलंच नाही" म्हणालं, तर त्याचा राग पुढे मांजरीवर निघतो.

चिंगी सहा वर्षं एकटीच राहिली आहे, त्यामुळे दुसरी मांजर किंवा कुत्रा असलेलं घर मी शक्यतो टाळेन. दोन मोठ्या मांजरींची ओळख नीट करून द्यायला आठवडे लागतात आणि तुमच्या चाचणीचे दोन आठवडे त्यातच संपतील. लहान मुलांचं म्हणाल तर मूल कसं आहे यापेक्षा मूल मांजरीमागे धावलं की आईवडील काय करतात ते बघा. जागेवरून उठून थांबवतात की "अरे, तिला त्रास देऊ नको हं" असं बसूनच म्हणतात, यातच सगळं आलं.

घरी जाल तेव्हा आधी खिडक्या बघा. मांजर पडत नाही, ती पायांवर उतरते, असं लोक फार विश्वासाने सांगतात. मांजर पडते. कबुतर दिसलं की तिला खाली काय आहे त्याचं भान राहत नाही. हवेत वळून ती पायांवर उतरलीच, तरी जबडा फुटतो, पाय मोडतात, छातीत मार बसतो. मुंबईच्या खिडक्यांमध्ये तीन प्रकार दिसतील. जुन्या इमारतींत बाहेर आलेली ग्रिलची पेटी असते, त्यात तुळस, कोरफड, जुनी बादली. मांजरीला ही जागा फार आवडते. पण गजांमधून तिचं डोकं जात असेल तर अंगही जातं, हा हिशोब लक्षात ठेवा. दुसरा प्रकार म्हणजे कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी. ती कबुतराला आत येऊ न देण्यासाठी असते, आतून अंग टाकणाऱ्या चार किलोंसाठी नसते. मांजर ती कुरतडते, आणि खालची कड हुकांमध्ये सैल असते. मूठ धरून खालच्या कडेला बाहेर ढकलून बघा, मूठ बाहेर गेली तर मांजर जाईल. तिसरा प्रकार नव्या टॉवरमधली सरकती काच आणि डासांची जाळी. मांजर तिच्यावर चढली की जाळी चौकटीसकट रुळातून निसटते. खरा उपाय म्हणजे स्टीलची बारीक घरांची जाळी, चौकटीला स्क्रूने पक्की केलेली. सोसायटी बाहेरून लावू देत नसेल तर आतून लावता येते. मोरीची आणि संडासाची काचेच्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीचं दार, हेही विसरू नका.

आणि हे जाळीचं काम मांजर यायच्या आधी, त्यांच्या खर्चाने व्हायला हवं. मांजरीचे पैसे मी कधी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका असं माझं मत आहे. पण अजून घरात न आलेल्या मांजरीसाठी जो सुताराला बोलावून जाळी ठोकून घेतो, त्याची तयारी तेवढ्यातच कळते.

दादरच्या एका आजोबांच्या बाळीचं उदाहरण सांगते. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि त्याच्याकडे दोन मोठे कुत्रे. बाळी सात वर्षांची, काळीपांढरी, अनोळखी आवाज आला की फ्रिजमागे जाणारी. शेवटी तीन घरं उरली. एक गोरेगावला चौदाव्या मजल्यावर, मोठं घर, माणसं अतिशय प्रेमळ, खाणंपिणं आधीच आणून ठेवलेलं. हॉलला जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा, आणि जाळीचं काढलं की "आम्ही लक्ष ठेवू, खिडकी बंदच असते." एप्रिलमध्ये मुंबईत खिडकी बंद राहत नाही. दुसऱ्या अंधेरीच्या दोन मैत्रिणी, दोघींनाही मांजरांचा चांगला अनुभव. पण करार दोन महिन्यांत संपणार होता, पुढचं घर ठरलेलं नव्हतं आणि घरमालकाला विचारलेलं नव्हतं. त्यांना मी म्हटलं, नव्या घरात लागलात की मला फोन करा, मी तुम्हाला मांजर देईन. तिसरं चेंबूरचं जोडपं. जुन्या इमारतीत दुसरा मजला, स्वतःचं छोटं वन बीएचके, नवरा शिफ्टमध्ये काम करणारा. आधी मांजर पाळलेली नाही. फोनवर बोलणंही जेवढ्यास तेवढं. पण त्या बाईंनी मला विचारलं, "ती घाबरली की कुठे जाऊन बसते? म्हणजे तशी जागा करून ठेवते." बाकी कोणी हे विचारलं नव्हतं. ग्रिलच्या पेट्यांना आतून स्टीलची जाळी लावल्याचे फोटो त्यांनी आठवड्यात पाठवले, आणि बाळी चेंबूरला गेली.

कागद साधाच करा, पण करा. मांजरीचं वर्णन आणि फोटो, तारीख, दोघांची नावं, पत्ते, फोन आणि सह्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : ती घरातच राहील, तिसऱ्या कोणाला परस्पर देणार नाही, नको झाली तर तुम्हाला कळवून परत करतील, आणि पहिले दोन आठवडे चाचणीचे. ओळखपत्राची प्रत घ्यायची असेल तर आधारचे आधीचे आकडे झाकलेली प्रत पुरते. पत्ता तर तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेलाच असेल.

न्यायच्या आधीच्या आठवड्यात कॅरिअर माळ्यावरून काढून हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिचं अंथरूण घाला आणि रोज एक वेळचं खाणं आतच द्या. नाही तर कॅरिअर दिसला की दवाखाना, एवढंच तिला माहीत असतं. तिची चादर किंवा तुमचा जुना गाऊन, ज्यावर ती झोपते तो, धुवायचा नाही. घरातले वास हीच तिची ओळखीची खूण आहे. स्वच्छ धुतलेलं अंथरूण माणसाला बरं वाटतं, मांजरीला त्याचा काही उपयोग नसतो. तिचा ट्रे, तिच्याच ब्रँडचं लिटर, आणि वापरलेल्या लिटरचे दोन मूठभर ओले गोळे वेगळ्या पिशवीत बांधून द्या. नव्या घरी ट्रेमध्ये ते टाकले की जागा कुठली ते तिला सांगावं लागत नाही. खाणं जे चालू आहे तेच दोन आठवड्यांचं द्या. ती उकडलेला बांगडा आणि भात खात असेल तर तेच, पॅकेटचं असेल तर तेच. बदल करायचा असेल तर तो नंतर, आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत. सवयींचा एक कागदही द्या : किती वाजता खाते, कुठल्या हाकेला येते, कुठे खाजवलेलं आवडतं.

शनिवार सकाळ निवडा, म्हणजे दोन दिवस घरी कोणी असेल. निघायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, रिक्षात उलटी होते. ती प्रवासात फारच बिथरत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. काही मांजरींना ते निघण्यापूर्वी द्यायचं गॅबापेंटिन लिहून देतात, मात्रा वजनावर असते. माणसांसाठीची कुठलीही गोळी घरच्या घरी देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजरीला विष आहे. रिक्षा-टॅक्सीवाल्याला मांजर आहे हे आधी सांगा, कॅरिअरवर जुनी सुती ओढणी टाका, दाराची कडी दोरीने बांधा. वाटेत "जरा हवा लागू दे" म्हणून कॅरिअर उघडायचा नाही. सायनच्या सिग्नलला सुटलेली मांजर पुन्हा मिळत नाही.

तुम्ही स्वतः सोडायला जा, पण थोडाच वेळ थांबा. तासभर मांडीवर घेऊन रडत बसलात तर तुमचा ताण तिला कळतो. नव्या घरी तिला पूर्ण घर पहिल्या दिवशी दाखवायचं नाही. एकच खोली, बहुतेक बेडरूम. एका कोपऱ्यात ट्रे, त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात पाणी आणि खाणं, आणि लपायला जागा, उदाहरणार्थ एका बाजूने कापलेला खोका आणि त्यात तिची चादर. चेंबूरला मी कपाटाखालची फट आणि बॉक्स बेडची मागची फट बंद करायला लावली. बॉक्स बेडमध्ये मांजर शिरली आणि कोणी झाकण आपटलं तर काय होईल हे सांगायला नको. सोफा-कम-बेडचं तेच, वॉशिंग मशीनचंही तेच. लावण्याआधी आत हात घालून बघायचं. वन रूम किचन असेल तर मोठा पिंजरा भाड्याने मिळतो का ते बघा आणि तीन बाजूंनी चादर टाकून तो भिंतीशी ठेवा.

आणि मग तिला ओढून बाहेर काढायचं नाही. यावर नव्या घरांची सगळ्यात जास्त तारांबळ उडते. पाहुण्यांना बोलावून मांजर दाखवणं, खाटेखाली टॉर्च मारून "ये ये" करणं, यातून ती आणखी आत जाते. खोलीत बसा, पुस्तक वाचा, फोनवर हळू बोला, तिच्याकडे बघू नका. बाळी दिवसभर खोक्यात होती. रात्री सगळं शांत झाल्यावर पाणी प्यायली, दुसऱ्या रात्री खाल्लं. चौथ्या दिवशी बाईंच्या पायाला अंग घासून गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात बेडरूमचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

त्या दिवसांत तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगा : किती खाल्लं, ट्रेमध्ये किती गोळे, आणि दर आठवड्याला वजन. पहिले बारा-पंधरा तास न खाणं नेहमीचं आहे. चोवीस तास एक घासही नाही, तर डॉक्टरांना फोन. दोन दिवस पूर्ण झाले तर वाट बघायची नाही, घेऊन जायचं. मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साठत जाते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ मांजरीत हे लवकर होतं. "भूक लागली की खाईल" हे मांजरीच्या बाबतीत खरं नाही. आधी भूक चाळवून बघा : खाणं किंचित कोमट करा, वास येतो. उकडलेल्या चिकनचं पाणी, मीठमसाला आणि कांदा-लसूण न घातलेलं, वर टाका. लघवी एक दिवस रोखून धरलेली मी पाहिली आहे. पण ती ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करत असेल आणि काहीच येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. चिंगी मादी आहे म्हणून धोका कमी. बोका असता तर मी तास मोजायला सांगितले असते. वजन चार किलो असेल आणि चारशे ग्रॅमने उतरलं, तर वरून ठीक दिसली तरी तपासून घ्यायला हवं. म्हणून आजचं वजन लिहायला सांगितलं.

ती नव्या घरातून सुटलीच, तर त्यांनी लाज न बाळगता त्याच मिनिटाला तुम्हाला फोन करायचा, हे आधी बजावून ठेवा. घरातली मांजर सहसा लांब जात नाही, जवळच दडून गप्प बसते. ओळखीच्या हाकेलाही उत्तर देत नाही. आधी तोच मजला : चपलांच्या रॅकमागे, मीटरच्या खोलीत, पाइपांच्या डक्टमध्ये, जिन्याखाली, मग गच्ची, मग खाली उभ्या गाड्यांखाली. वॉचमनकडून सीसीटीव्ही बघून वर गेली की खाली एवढं कळलं तरी शोध निम्मा होतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास, इमारत निजल्यावर, टॉर्च जमिनीलगत धरून फिरा, डोळे चमकतात. तुम्ही जा, कारण तुमचा आवाज ती ओळखते. दिसली तर धावू नका. खाली बसा, खाणं ठेवा, कॅरिअर उघडा ठेवा.

भेटायला जायचं तुम्ही विचारलंत. पहिले दोन-तीन महिने जाऊ नका. या काळात ती नव्या घराच्या वासाला, वेळांना, माणसांना लागत असते. पहिल्या आठवड्यात रोज एक फोटो, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक, असं आधीच बोलून घ्या, म्हणजे तुम्हाला सारखं विचारायला नको आणि त्यांनाही पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही. नंतर जाल तेव्हा ती कदाचित धावत येईल, कदाचित खाटेखालून बघत राहील. दोन्ही चालतं. खाऊ न्या, अर्धा तास बसा, उचलून घेऊ नका. आणि तिथून थेट आईंच्या खोलीत जाऊ नका. मांजरीचे केस आणि अॅलर्जी आणणारा अंश कपड्यांना चिकटून येतो. घरी पोचल्यावर कपडे बदला, हातपाय धुवा, मग आत जा. याच कारणाने चिंगी ज्यावर झोपते ते सोफ्याचे कव्हर, गाद्या, गालिचा बोरिवलीला नेऊ नका. नेणं भागच असेल तर आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा.

आत्ता पहिलं काम एवढंच. त्या उद्या येणाऱ्या माणसाला फोन करा आणि विचारा, करार कधी संपतोय आणि खिडक्यांना काय आहे. बोलणं झालं की मला कळवा, त्यांच्या खिडक्यांचे फोटो आले तर तेही पाठवा. आपण मिळून बघू.